वकीलपत्र सोडताना अशिलाला कसं पत्र लिहावं?

"अशील आठ महिने फी देत नाही, सांगितलेलं ऐकतही नाही. वकीलपत्र सोडायचं आहे. पत्रात नेमकं काय लिहू?"

फी आणि न ऐकलेला सल्ला, दोन्ही एकाच पत्रात लिहू नका.

सोलापूरच्या दिवाणी कोर्टात माझ्यावर हीच वेळ आली होती. साखर पेठेतल्या वडिलोपार्जित घराच्या वाटपाचा दावा, मी थोरल्या भावाकडून. कोर्टाचा 'जैसे थे'चा हुकूम असताना हे गृहस्थ वरचा मजला चढवायला निघाले. हुकूम मोडलात तर मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते, हे परोपरीने सांगितलं. "बघू वकीलसाहेब," एवढंच उत्तर. ठरलेल्या चाळीस हजारांपैकी पंधराच आले होते.

मी रागाच्या भरात सगळं एका पत्रात लिहिलं. माझ्या सीनियरांनी बांधकामाचा परिच्छेद खोडला. कारण वकीलपत्र सोडण्याच्या अर्जाला या पत्राची प्रत जोडावी लागते आणि समोरचा वकील ती वाचतो. माझ्याच पत्राने माझ्या अशिलाविरुद्ध पुरावा तयार झाला असता. त्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित ठेवायची आपली जबाबदारी वकीलपत्र सुटल्यावरही सुटत नाही.

म्हणून दोन पत्रं पाठवली. पहिल्यात फक्त सल्ला आणि त्याचे परिणाम. ते कोर्टात कधीच दाखल केलं नाही. दुसऱ्यात दाव्याचा नंबर, पुढची तारीख आणि त्या दिवशी काय होणार हे लिहिलं: "त्या तारखेला वादीचा उलटतपास आहे. आपण दुसरे वकील नेमले नाहीत तर तो न होताच पुरावा बंद होऊ शकतो." मग ठरलेली, मिळालेली आणि बाकी फी, आधी दिलेल्या स्मरणपत्रांच्या तारखा, आणि मतभेदाबद्दल एकच ओळ: "आपल्यात व्यावसायिक विश्वास उरलेला नाही." अर्जातही तेवढंच.

बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सबळ कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना, दोन्ही लागतात. मी तारखेच्या पाच आठवडे आधी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच अर्जासोबत द्या. तुम्ही आगाऊ घेतलेल्या फीपैकी काम न केलेला भाग असेल तर तो परत करावा लागतो.

बाकी फीसाठी कागद मात्र अडवून ठेवू नका. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की वकिलाला फाइलवर तसा हक्क नाही. फीसाठी वेगळा दावा लावता येतो.

आणि पत्र गेलं म्हणजे सुटलात असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३ नियम ४ प्रमाणे कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत वकीलपत्र चालूच असतं, तोवर पुकारा झाला की उभं राहायचं. माझा अर्ज दुसऱ्या तारखेला मंजूर झाला. तोवर दोन्ही तारखांना मी हजर होतो. नंतर मूळ खरेदीखतासह एकेक कागद यादीवर लिहून, त्यावर सही घेऊनच फाइल त्यांच्या हाती दिली.