वितळलेला प्लग आणि न पडलेला एमसीबी

प्रश्न : इंडक्शन शेगडी एक्स्टेंशन बोर्डावर चालवतो. काल बोर्डाचा भिंतीतला प्लग वितळला, पण एमसीबी पडला नाही. एमसीबी खराब आहे का? महागडा बोर्ड घेतला तर चालेल का?

उत्तर : एमसीबी बहुधा ठणठणीत आहे. माझ्या मेहुण्यांना ही गोष्ट मी आजवर पटवू शकलेलो नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांच्या ओट्यापाशी ६ अँपिअरचे एकच सॉकेट होते. शेगडीचा जाड पिनांचा प्लग त्यात बसेना, म्हणून त्यांनी कन्व्हर्जन प्लग आणला आणि एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर शेगडी व पाण्याची किटली दोन्ही चालवू लागले. शेगडी २००० वॅटची, किटली १५०० वॅटची. २३० व्होल्टला दोन्ही मिळून सुमारे १५ अँपिअर होतात. एमसीबी १६ अँपिअरचा असल्यामुळे त्याच्या दृष्टीने सारे मर्यादेत होते. मात्र तो सगळा प्रवाह ६ अँपिअरच्या प्लगमधून जात होता. एमसीबी आपल्यातून जाणारा प्रवाह पाहतो, स्वयंपाकघरातला प्लग किती तापला हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी यांच्या सैल सांध्याचा रोध ०.१ ओहम धरला, तर १५ अँपिअरला तिथे सुमारे २२ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे प्लास्टिकच्या बंद खोबणीत छोटे सोल्डरिंग आयर्न अखंड चालू ठेवल्यासारखे. तापलेली पट्टी आपली पकड सोडते, पृष्ठभागावर ऑक्साइड चढते, रोध वाढतो आणि सांधा आणखी तापतो. या सर्व काळात प्रवाह वाढत नाही, त्यामुळे एमसीबी पडत नाही. मेहुण्यांनी दोष प्लगच्या कंपनीला दिला आणि नवा बोर्ड त्याच सॉकेटमध्ये खोवला. थोड्याच दिवसांत त्याचीही पिन एका बाजूने काळी पडली, कारण भिंतीतली पट्टी आधीच ढिली झाली होती. पिन काळवंडणे, सॉकेटचे भोक तपकिरी होणे, प्लग सहज निसटणे किंवा जळका वास येणे, यांपैकी एकही खूण दिसली तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत.

महागड्या बोर्डाने प्रश्न सुटणार नाही, कारण त्याचा प्लगही त्याच सॉकेटमध्ये जाईल. शेगडीसाठी वितरण पेटीपासून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर आणि १६ अँपिअरचे सॉकेट घ्यावे. एमसीबी ‘मोठा’ बसवून घेऊ नका; त्याने जुन्या वायरीचे संरक्षणच जाते. मिक्सर किंवा मोबाइलचा चार्जर यांसाठी एक्स्टेंशन बोर्डाला माझा आक्षेप नाही, आणि इमारत जुनी असून वायरिंग ॲल्युमिनियमचे असेल, तर सॉकेट बदलण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्यावे.