'मानवी चूक' लिहून सुटू नकोस

मासुंदा तलावाच्या दुपारच्या पाण्यात तुला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११ मिलिग्रॅम मिळाला. ३० अंशांना हवेशी समतोल असलेल्या पाण्यात तो साडेसातच्या आसपास असतो. प्रकल्प अहवालाच्या चर्चेत या फरकाचं कारण म्हणून नुसतं 'मानवी चूक' लिहिलंस, तर परीक्षक विचारणारच, कुठली?

बाटलीत बुडबुडा राहिला असेल, तर हिशेब कर. एक मिलिलिटर हवेत जेमतेम ०.२७ मिलिग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत लिटरला ०.९ची वाढ. साडेतीनचा फरक पडायला चारेक मिलिलिटर हवा लागेल, ती डोळ्यांना दिसली असती. मग उन्हात ऑक्सिजन सोडणारं हिरवं शेवाळ हा संशयित उरतो, पण 'शक्यता' म्हणूनच लिही. पहाटेचा नमुना घेतलास आणि आकडा घसरला, तर दावा बळकट होईल. नाही घसरला, तर ऑक्सिजन मोजायला वापरलेल्या थायोसल्फेटची तीव्रता पुन्हा तपास.