०.८ आणि ८.६

पोरी,

काल रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर तुझे दोन फोटो आले. एका रिपोर्टवर एएमएच, म्हणजे ओव्हरीतल्या अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन, ०.८, दुसऱ्यावर ८.६, आणि खाली तुझा एकच प्रश्न, मॅडम चार दिवसांत दहापट कसं काय वाढलं? मी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला अन् हसूच आलं बापा. दोन वर्षं माझ्या लॅबमध्ये काम शिकलीस, आकड्याच्या आधी युनिट पाहायचं हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल, पण स्वतःचा रिपोर्ट हातात आला की माणूस सगळं विसरतं, माझंही तसंच होतं.

पहिला रिपोर्ट नॅनोग्रॅम पर एमएलमध्ये आहे, दुसरा पिकोमोल पर लिटरमध्ये. पिकोमोलच्या आकड्याला ७.१४ ने भागलं की नॅनोग्रॅम येतात. ८.६ भागिले ७.१४, म्हणजे १.२. म्हणजे दहापट वगैरे काही वाढलेलं नाहीये, ०.८ चं १.२ झालंय, आणि तेवढा फरक दोन लॅबमध्ये दोन वेगवेगळ्या किटवर येऊ शकतो. म्हणून एएमएच परत करायची तर त्याच लॅबमध्ये करावी, नाहीतर शरीर बदललं की मशीन बदललं तेच कळत नाही. आणि तू केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतेस नं? काही किटमध्ये जास्त डोसचं बायोटिन आकडा खोटा खाली दाखवतं. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवायच्या आणि लॅबवाल्याला सांगायचं. पहिल्या वेळी तुला हे कोणीच विचारलं नसणार, फुल बॉडी पॅकेजमध्ये घरी येऊन रक्त नेणारा मुलगा कशाला विचारतो.

आता मुद्द्याचं. हा आकडा नेमकं काय मोजतो ते नीट समजून घे, मग अर्धी भीती आपोआप उतरेल. आपल्या ओव्हरीत बहुतेक फॉलिकल, म्हणजे अंड्याच्या इवल्या पिशव्या, झोपलेले असतात, ते एएमएच बनवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यातले थोडे थोडे सतत जागे होत असतात, आणि जागे झालेले छोटे फॉलिकल, साधारण आठ मिलिमीटरच्या आतले, हे हार्मोन बनवतात. दर महिन्याला त्यातला एक वाढून फुटतो, बाकीचे सुकून जातात. म्हणजे एएमएच गोदाम मोजत नाही, आज बाहेर किती पेट्या निघाल्या तेवढं मोजतं, आणि त्यावरून आपण गोदामाचा अंदाज बांधतो. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या मोजून आतलं फळ गोड की आंबट ते कळतं का? तसंच आहे हे. अंड्याची क्वालिटी मुख्यतः वयावर जाते. तुझं वय ३१, तर अंडी ३१ वर्षाच्या बाईचीच आहेत, आकडा ०.८ असो की ४.

आणि मूल नैसर्गिकरीत्या राहायला महिन्याला अंडं किती लागतं? एक. पेट्या दहा निघाल्या काय आणि चार निघाल्या काय, फुटणार एकच. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका, आधी वंध्यत्वाची काही हिस्ट्री नाही, नुकतंच ट्राय करायला लागलेल्या. ज्यांचं एएमएच ०.७ च्या खाली होतं त्यांच्यात सहा सायकलमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण ६५ टक्के आलं, नॉर्मलवाल्यांत ६२. म्हणजे फरकच नाही. त्यांनी गर्भ राहिला की नाही एवढंच पाहिलं, बाळ झालं की नाही ते मोजलं नाही, ही त्याची मर्यादा धरूनच चाल. पण ज्या काउन्सिलरने तुला फोनवर सांगितलं की मॅडम तुमच्याकडे फार तर एक वर्ष आहे, तिच्या बोलण्याला कशाचाच आधार नाही. पाळी कधी जाणार याची तारीख एका आकड्यावरून कोणीच सांगू शकत नाही. कमी एएमएचवाल्यांची सरासरी थोडी लवकर जाते, पण एकेका बाईत इतका फरक असतो की तुझ्यापुरतं त्यातून काही निघत नाही. मला तिचा खरंच राग आला, रिपोर्ट पाठवायच्या आधी अंडी फ्रीज करायचं पॅकेज पाठवते म्हणजे काय.

मग आकडा बिनकामाचा का, तर तसंही नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. इंजेक्शन देऊन एकाच वेळी अनेक अंडी काढायची असतील, म्हणजे आयव्हीएफ किंवा फ्रीझिंग, तिथे एएमएच खरंच उपयोगाचं आहे. किती अंडी हाती लागतील आणि डोस किती ठेवायचा याचा अंदाज त्यावरूनच घेतात. तुझ्या वयात साधारण दोन-तीनच्या आसपास असतं, तुझं १.२ धरलं तरी कमीच म्हणायचं. उद्या तू फ्रीज करायला गेलीस तर मैत्रिणीला एका राउंडमध्ये बारा-पंधरा मिळाली तिथे तुला पाच-सहा मिळतील, मग दोन राउंड लागतील, खर्च दुप्पट. हे खरं आहे, आणि फ्रीझिंगचा विचार मनात असेल तर हे माहीत असलेलं बरं.

पण आधी एक गोष्ट. पाळीच्या दुखण्यासाठी तू दोन वर्षांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन राहिली आहेस, ते तू मला मेसेजच्या अगदी शेवटी सांगितलंस, जसं काही त्याचा संबंधच नाही. संबंध आहे. या गोळ्या ते छोटे फॉलिकल दाबून ठेवतात, त्यामुळे आकडा साधारण वीस-तीस टक्के खाली येऊ शकतो. खरा आकडा पाहायचा तर गोळ्या थांबवून दोन-तीन महिन्यांनी टेस्ट करायची, आणि थांबवायच्या की नाही ते तुझ्या गायनॅकला विचारूनच, तुझ्या दुखण्यासाठी त्या लागतात, एका आकड्यासाठी दुखणं अंगावर घेऊ नको. तेव्हाच सोनोग्राफीत अँट्रल फॉलिकल काउंट पण करून घे, दोन्ही ओव्हरीतले छोटे फॉलिकल मोजतात, रक्ताशी ते जुळलं तर भरवसा ठेवता येतो. पाळीत एवढं दुखतं म्हणून चॉकलेट सिस्ट, म्हणजे ओव्हरीत जुनं रक्त साठलेली गाठ, आहे का तेही त्याच सोनोग्राफीत दिसेल. सिस्ट निघाली आणि कोणी ऑपरेशन म्हणालं तर एएमएच ऑपरेशनच्या आधी करायचं, कारण सिस्ट सोलताना ओव्हरीचा चांगला भागही थोडा जातो आणि आकडा नंतर पडतो.

खरी काळजी कधी करायची? गोळ्या बंद असताना पाळी तीन-चार महिने येतच नाही, रात्री घाम फुटतो, अंगातून वाफा निघतात, असं असेल तर. तिथे एएमएच नाही, एफएसएच नावाचं दुसरं हार्मोन पाहतात, आणि लगेच डॉक्टर गाठायचा. डीएचईए आणि कोक्यू१० च्या गोळ्या तुला कोणीतरी लिहून दिल्या दिसतात. त्यांनी अंडी वाढतात असं मानायला मजबूत पुरावा नाही, डीएचईए तर हार्मोन आहे, स्वतःच्या मनाने सुरू करू नको.

शनिवारी दुपारी घरी ये, धंतोलीतून रिक्षा मिळते लगेच. दोन्ही रिपोर्टचे कागद आण, फोटो नको, युनिट कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं. गोळ्यांचं पाकीटही आण. आणि येण्याआधी आईला फोन करून एवढं विचार की तिची पाळी नेमकी कितव्या वर्षी गेली, कारण ती पंचेचाळिशीच्या आत गेली असेल तर मी १.२ कडे वेगळ्या नजरेने पाहीन.

— तुझी मॅडम