कोषात गेल्यावर अळीचं खरंच पाणी होतं का? मग त्या पाण्यातून फुलपाखरू बनतं कसं?

ही पाण्याची गोष्ट ऐकली की माझं डोकं फिरतं, कारण आठवीत असताना याच वादात मी सगळ्यांसमोर तोंडावर आपटलेय.

आमच्या कढीपत्त्यावर लिंबावरच्या फुलपाखराची अळी होती, तीच हिरवी, डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडणारी. मी ती बरणीत पाळली, तिने काडीला रेशमाचा पट्टा बांधून कोष केला आणि दुसऱ्याच दिवशी दादाने ब्लेडने तो चिरला. पिवळट घट्ट रस निघाला. "बघ, नुसता रस्सा. आत काही नसतं." सगळे हसले, मी गप्प.

तर त्याने सांडलं ते अळीचं रक्त आणि साठवलेली चरबी. किड्याच्या अंगात रक्त आपल्यासारखं बंद नळ्यांतून फिरत नाही, पोकळीत मोकळंच भरलेलं असतं, कुठूनही चिरा, वाहणारच, आणि त्या दिवसांत आतले अवयव इतके मऊ असतात की ब्लेड लागलं की लगदा.

विरघळतं बरंच काही, ते मी नाकारत नाही. अळीचे बरेचसे स्नायू, रेशीम काढणाऱ्या ग्रंथी, पानं पचवणाऱ्या आतड्याचं अस्तर, हे सगळं मोडीत निघतं. तिथल्या पेशी स्वतःच स्वतःला संपवतात, उरलेले तुकडे रक्तातल्या पेशी गिळतात आणि तो माल नव्या बांधकामाला लागतो. पण पंख काही त्या रश्श्यातून उगवत नाहीत. त्यांच्या चपट्या कळ्या अळीच्या कातडीखाली आधीपासून असतात आणि कोष होताना बाहेर येतात. म्हणून ताजा कोष भिंगाखाली धरा, कवचावर पंख, मिशा, सोंड यांचे आकार उठलेले दिसतील, पहिल्याच दिवशी! दादाने ब्लेड फिरवलं ते बहुतेक पंखावरूनच.

२०१३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी पेंटेड लेडी फुलपाखराचे जिवंत कोष न चिरता सीटी स्कॅन केले, एकच कोष दिवसेंदिवस. त्यात श्वासनळ्यांचं जाळं अगदी सुरुवातीपासून दिसत होतं. पाण्यात नळ्या कशा राहतील?

तुम्हाला बघायचंच असेल तर चिरू नका, हात लावून बघा, जिवंत कोष शेपटाकडून वळवळतो. काळा पडून ढिम्म राहिला आणि बारीक गोल भोक दिसलं तर परजीवी गांधीलमाशीने आतलं सगळं खाल्लंय असं समजा. नुसता काळपट झाला म्हणून मात्र टाकू नका, बाहेर यायच्या आदल्या दिवशी कवच पारदर्शक होतं आणि पंखांचे रंग दिसायला लागतात, त्यामुळेही तो गडद वाटतो. बाहेर आल्यावर लालसर थेंब टाकेल, ते रक्त नाही, कोषात साठलेला कचरा आहे.

हां, हे सगळं फुलपाखरांचं, घरमाशीत मोडतोड याहून बरीच जास्त असते, तिथे दादाला थोडे मार्क देईन. गेल्या वर्षी कवचावरच्या पंखाचा फोटो काढून त्याला पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला.