जुन्या पुस्तकांवर डाग आणि बुरशी: उन्हात घालावीत का?

प्रश्न: वडोदऱ्याला आजोबांच्या कपाटात १९२०च्या सुमाराची मराठी पुस्तकं आणि मोडी कागदांचा एक रुमाल निघाला. पानांवर तपकिरी ठिपके, काही पुठ्ठ्यांवर पांढरट बुरशी, आणि हात लावला की कडा तुटतात. उन्हात घालू का?

उत्तर:
उन्हात नको. बुरशी सुकेल, पण कागद आणखी पिवळा आणि ठिसूळ होईल.

आधी बुरशीकडे बघा, कारण शेजारच्या पुस्तकावर जाते ती हीच. बुरशी आलेली पुस्तकं वेगळ्या खोलीत न्या. दमट पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलंत तर ती आतच फोफावते. मऊ, कोरड्या ब्रशचं टोक एका कडेला हलकेच टेकवा. पुडीसारखी झडली तर ती सुप्त आहे. कापसासारखी ओढली जाऊन फासली, तर जिवंत आहे. जिवंत बुरशी लगेच झाडू नका, ती कागदाच्या तंतूंत चोळली जाते. पुस्तक उभं करून पानं जराशी सुटी करा आणि पंख्याचा झोत दुसरीकडे वळवून सावलीत वाळवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात खिडक्या उघडून काही वाळत नाही. खोली बंद करून एसी ड्राय मोडवर लावा. साधा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी.

बुरशी सुकून पूड झाली की गच्चीत किंवा ओट्यावर, वारा पाठीकडून घेऊन, बांधणीकडून बाहेरच्या दिशेने झाडा. एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच. दमेकऱ्याने हे काम करू नये. ओलं फडकं लावू नका. मोडी कागदांवरची काजळीची शाई पाण्याने उतरू शकते. डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही, फक्त वास बसतो.

तपकिरी ठिपके ब्रशने जाणार नाहीत. कागदातले लोहाचे कण, जुनी बुरशी, दमट हवा, यांपैकी एक किंवा अनेक कारणं त्यामागे असतात. पुस्तक कधीतरी ओलसर जागी होतं, एवढं ते सांगतात. ब्लीचने डाग फिके होतात आणि कागद कमकुवत. राहू द्या.

कडा तुटतात त्याचं कारण कागदातच आहे. त्या काळच्या बऱ्याच छापील पुस्तकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ घातलेला, म्हणून आम्लयुक्त. मोडी कागद चिंध्यांपासून हाताने केलेला असेल, तर वयाने मोठा असूनही बोटांना मऊ लागेल. दोन्ही एकत्र ठेवू नका, आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. पानांत घातलेली वर्तमानपत्राची कात्रणंही काढा. त्यांच्या आकाराची तपकिरी सावली पानावर उठलेली दिसेल.

ठिसूळ पुस्तक पूर्ण उघडू नका, दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार देऊन काटकोनाइतकंच उघडा. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. टेपचा गोंद पिवळा पडून पानात मुरतो. पानं चिकटली असतील किंवा शाईने कागदाला भोकं पाडली असतील, तर हात न लावता सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी विभागात विचारा. बाकीचं कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा.