चेक तपासताना आधी अक्षरं वाचा

आकडा आधी वाचला की डोळा अक्षरांतही तोच वाचतो, म्हणून आकड्यावर बोट ठेवून झाका. कागदावर कोटी, लाख, हजार असे दोन-दोन घरांचे आणि शेवटी तीन घरांचा एक रकाना आखा. अक्षरांत ‘एक कोटी पाच लाख सात हजार पन्नास’ असेल, तर 1 | 05 | 07 | 050 भरा. आता बोट काढा: 1,05,07,050 दिसायला हवं. 1,50,07,050 असेल तर तिथेच थांबा.

बहुतेक चुका शून्यात असतात, कारण शून्य अक्षरांत उच्चारलंच जात नाही. ज्या रकान्याचं नाव आलं नाही, तिथे पूर्ण शून्यं भरायची. स्वल्पविरामावर विसंबू नका, अंक मोजा. सात अंक म्हणजे दशलक्ष, आठ म्हणजे कोटी.

मराठीत लिहिलेल्या चेकवर ‘एकोण’ नीट बघा. एकोणसाठ म्हणजे 59, एकोणसत्तर म्हणजे 69. घाईत हमखास गल्लत होते.

तफावत असल्यास 1881च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 18नुसार अक्षरी रक्कम ग्राह्य. पण त्या भरवशावर चेक पुढे ढकलू नका. बँका असा चेक सहसा परतच करतात. नवीन चेक मागा.