नियम, विनियम, योजना, आदेश: वीज कायद्याखाली कोणता कागद कुणी काढायचा

"वीज कायदा एकच आहे ना, मग त्याच्याखाली नियम, विनियम, योजना, आदेश, परत परिपत्रकं असं इतकं सगळं कशाला? आणि यातलं कोण काय काढू शकतं हे साध्या माणसानं कसं ओळखायचं? माझा छोटा यंत्रमाग आहे."

मी सोलापुरात यंत्रमागवाल्यांची हिशोबाची कामं बघतो, लाईट बिल हा आमच्याकडे रोजचाच विषय. हे ओळखायची खूण विद्युत अधिनियम 2003 मध्येच दिलेली आहे, पण ती व्याख्यांच्या कलमात आहे आणि तिथं कुणी जात नाही. मला स्वतःला ती कळली मावसभावाच्या केसमध्ये, आणि उशिरा कळली, त्यामुळे तीच केस सांगतो.

भावाचं टॉवेलचं शेड आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला. दसऱ्याला त्यानं शेडच्या पुढच्या खोलीत टॉवेल-चादरीचा विक्रीचा काउंटर टाकला, आणि वायर ओढली मागाच्याच मीटरवरून. वेगळं कनेक्शन घ्यायला पाहिजे होतं, नाही घेतलं, चूक त्याचीच. फेब्रुवारीत तपासणी झाली आणि हातात कागद पडला, कलम 126 खाली तात्पुरत्या आकारणीचा आदेश, 12 महिन्यांचे 1 लाख 80 हजार. कारण मंजुरी मागासाठी आणि वापर दुकानासाठी, याला कायदा अनधिकृत वापर म्हणतो आणि त्याला दर दुप्पट.

एका ओळखीच्या सल्लागारानं सांगितलं की ग्राहक तक्रार निवारण मंचात टाका, मंच राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमाखाली चालतो, सगळं तिथंच सुटतं. टाकला अर्ज. जवळजवळ तीन आठवडे गेले आणि मंचानं सांगितलं की 126 च्या केसेस आमच्याकडे येतच नाहीत. तेवढ्यात अंतिम आदेश पण आला, तेवढ्याच रकमेचा, कारण ज्याच्यासमोर हरकत घ्यायची त्या अधिकाऱ्याकडे आम्ही एक ओळसुद्धा लिहून दिली नव्हती.

मग मी एका रात्री बसून कलम 126, 127 आणि व्याख्या वाचून काढल्या. खूण काय आहे बघा. इंग्रजी मजकुरात कुठं 'प्रिस्क्राइब्ड' लिहिलंय आणि कुठं 'स्पेसिफाइड'. वाचताना आपण दोन्हीचा अर्थ 'ठरवून दिलेलं' असाच घेतो आणि पुढं जातो. पण कलम 2 मध्ये दोन्हीची वेगवेगळी व्याख्या आहे. पोटकलम 52 म्हणतं प्रिस्क्राइब्ड म्हणजे समुचित शासनानं, म्हणजे केंद्र किंवा राज्य सरकारनं, केलेल्या नियमांनी ठरवलेलं, आणि पोटकलम 62 म्हणतं स्पेसिफाइड म्हणजे आयोगानं किंवा केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं केलेल्या विनियमांनी ठरवलेलं. मराठी कायद्याच्या भाषेत पहिल्याला 'विहित' आणि दुसऱ्याला 'विनिर्दिष्ट' म्हणतात. म्हणजे विहित दिसलं की सरकार आणि नियम, विनिर्दिष्ट दिसलं की आयोग किंवा प्राधिकरण आणि विनियम. ही खूण वीज कायद्याची आहे हां, दुसरा कायदा घेतला तर त्याच्या व्याख्या उघडूनच बघायच्या.

आता कलम 127 चं पहिलं वाक्य घ्या, त्यात हे दोन्ही शब्द एकापाठोपाठ येतात. अंतिम आदेशावर 30 दिवसांत अपील करायचं, अपिलाचा नमुना आणि फी राज्य आयोगानं विनिर्दिष्ट केल्याप्रमाणे, आणि अपील करायचं कुणाकडे तर विहित केलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे. म्हणजे फॉर्म आणि फी शोधायची तर आयोगाचे विनियम उघडा, आणि कुणाच्या दारात जायचं ते शोधायचं तर शासनाकडे बघा. महाराष्ट्रात हे दार विद्युत निरीक्षकाचं आहे. आमच्या सल्लागारानं नेमकी इथंच गल्लत केली, फॉर्म आयोगाचा म्हणजे सुनावणी पण आयोगाच्या मंचाकडे असं धरून चालला.

आणि तो 126 चा आदेश, तो नियमही नाही, विनियमही नाही. तो एका माणसाविरुद्ध एका तपासणीवर काढलेला आदेश, आणि त्याची ताकद थेट कायद्याच्या कलमातून येते. पण काढणारा कोणीही इंजिनिअर चालत नाही. कलमात लिहिलंय की कर-निर्धारण अधिकारी, म्हणजे असेसिंग ऑफिसर, हा राज्य शासनानं पदनिर्देशित केलेला असला पाहिजे. तो वीज कंपनीचाच अधिकारी असू शकतो, पण त्याला हा अधिकार दिलेला असतो शासनानं. म्हणून असा कागद आला की खालची सही आणि हुद्दा आधी बघा, आणि त्या हुद्द्याला शासनानं नेमलंय का ते विचारा, लेखी विचारा.

पुढं आम्ही काय केलं ते पण सांगतो. 127 मध्ये अट आहे की आकारलेल्या रकमेची निम्मी आधी कंपनीकडे भरायची, त्याशिवाय अपील घेतच नाहीत. म्हणजे 90 हजार. भावानं सूत आणायचे पैसे त्यात घातले, तो महिना फार वाईट गेला त्याचा. मुद्दा आमचा एकच होता. कलम 126 म्हणतं की अनधिकृत वापर किती काळ चालला ते कळत असेल तर तेवढ्याच काळाची आकारणी, आणि कळत नसेल तरच तपासणीच्या आधीचे 12 महिने. काउंटर दसऱ्याला सुरू झाला याचे कागद होते, फर्निचरचं बिल, दुकानाची नोंदणी, पहिल्या विक्रीची पावती. निरीक्षकासमोर ते ठेवले, काळ चार महिन्यांवर आला, रक्कम 60 हजारांवर, आणि वरचे 30 हजार पुढच्या बिलांतून वळते झाले. हेच कागद पहिल्या आदेशानंतर हरकतीत दिले असते तर कदाचित अपिलाची वेळच आली नसती, कारण अंतिम आदेश काढायच्या आधी त्या अधिकाऱ्याला आपलं म्हणणं ऐकावंच लागतं, आणि तात्पुरता आदेश आपल्याला मिळाल्यापासून त्याला 30 दिवसांत अंतिम आदेश काढायचा असतो. हे 30 दिवस म्हणजे आपलीच संधी, ती आम्ही भलत्या दारात घालवली.

आता बाकीच्या कागदांकडे येऊ. आयोग दोन तऱ्हेनं बोलतो. एक विनियम, जसं वितरण परवानाधारकांसाठीची वीजपुरवठा संहिता, ती 2021 ची आहे आणि सगळ्यांना लागू. विनियम करायचा तर कलम 181 प्रमाणे आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि मग राजपत्रात अधिसूचना. दुसरा म्हणजे आदेश, जसं दरनिश्चितीचा आदेश, आपण ज्याला टॅरिफ ऑर्डर म्हणतो. मागाला युनिटचा दर किती आणि दुकानाला किती ते त्यात असतं. हा फरक पोथीतला नाही, कारण दाद मागायची जागा वेगळी होते. आयोगाच्या आदेशावर कलम 111 खाली 45 दिवसांत दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण विनियमच चुकीचा आहे असं म्हणायचं असेल तर तिथं चालत नाही, उच्च न्यायालयात रिट करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं 2010 मध्ये पीटीसी इंडियाच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय.

विनियम म्हटलं की दरवेळी राज्य आयोगच असंही धरू नका. वायरिंग, अर्थिंग, तारांचं अंतर असल्या सुरक्षेच्या गोष्टी कलम 53 खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरण विनिर्दिष्ट करतं. जुने वायरमन अजून 'आयई रूल' म्हणतात, ते 1956 चे नियम होते, नवा कायदा आल्यावरही प्राधिकरणाचे 2010 चे सुरक्षा विनियम येईपर्यंत चालू ठेवले होते. तोंडात शब्द राहिला, कागद बदलला. म्हणून कलम वाचताना स्पेसिफाइड हा शब्द दिसला तरी त्याच्या आजूबाजूला कर्ता कोण आहे ते बघायचंच.

केंद्र सरकार पण नियम करतं, कलम 176 खाली. ग्राहक हक्क नियम 2020 हे तिथून आलेत. आणि कलम 181 म्हणतं की राज्य आयोगाचे विनियम कायद्याशी आणि नियमांशी सुसंगत पाहिजेत, त्यामुळे दोन्हीत विसंगती दिसली तर हा मुद्दा लेखी मांडता येतो.

योजना हा शब्द मात्र फसवा आहे. कायद्यातली मोठी योजना कलम 131 ची, हस्तांतरण योजना, ती राज्य शासनच काढतं. तिच्यातूनच जून 2005 मध्ये जुनं वीज मंडळ फुटून महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झालं. आपल्याला थकबाकीदारांसाठीची म्हणून जी योजना व्हॉट्सॲपवर येते ती या अर्थानं योजना नाही, ती कंपनीची सवलत, अटी मान्य असतील तर घ्यायची.

यंत्रमागाच्या सवलतीचं पण तसंच, लोक म्हणतात आयोगानं सवलत दिली. आयोग दर ठरवतो, सबसिडी देतं शासन. त्यासाठी वस्त्रोद्योग विभागाचा जीआर असतो, आणि कलम 65 प्रमाणे त्या सबसिडीचे पैसे शासनानं आगाऊ द्यायचे असतात. त्यामुळे बिलात सवलत दिसत नसेल तर टॅरिफ ऑर्डर घेऊन भांडू नका, जीआर घेऊन जा आणि आपली नोंदणी त्यात बसते का ते आधी बघा, 27 एचपीच्या खाली की वर हे तिथं महत्त्वाचं असतं.

परिपत्रक हे कंपनीनं आपल्या माणसांना दिलेलं सांगणं. ते नियम नाही. त्याच्या वरच्या भागात कोणत्या विनियमाचा किंवा आयोगाच्या आदेशाचा आधार घेतलाय ते लिहिलेलं असतं, तो आधार काढून वाचायचा, आणि परिपत्रकात त्यापेक्षा जास्त काही मागितलं असेल तर तेवढ्यावर बोट ठेवून लेखी विचारायचं. असली तक्रार मात्र मंचात चालते.

तुमच्या हातात आत्ता जो कागद असेल त्यावर 'कलम अमुकने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' अशी ओळ शोधा, आदेश असेल तर कोणत्या कलमाखाली काढला ते लिहिलेलं असतं. ते कलम उघडा आणि त्यात कर्ता कोण आहे ते बघा, शासन, आयोग, प्राधिकरण की नेमलेला अधिकारी. मग खाली सही कुणाची आहे ते जुळवा. कलम कुठंच लिहिलेलं नसेल तर पहिला अर्ज तेवढाच करा, की हे कोणत्या कलमाखाली काढलंय ते कळवावं, आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. कागदावर 126 लिहिलेलं असेल तर मात्र उत्तराची वाट बघत बसू नका, हरकत त्याच आठवड्यात द्या.